ट्रान्सफॉर्मर बदलून मागताय? पत्रात या चुका टाळा

माझं पहिलं पत्र दीड पानाचं होतं आणि चार दिवसांत परत आलं. समासात हिरव्या शाईत एवढंच होतं: 'फिल्टरेशन करून पाहावे.' दोन दिवस चिडचिड झाली. तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा साहेबांच्या जागी मी असतो तरी हाच शेरा मारला असता असं लक्षात आलं.

ट्रान्सफॉर्मर १३२/३३ केव्हीचा, २५ एमव्हीए, १९८८ सालचा, आत सुमारे अठरा हजार लिटर तेल. तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी, म्हणजे आपली डीजीए, नव्वद दिवसांच्या अंतराने दोनदा झाली होती आणि आकडे चढते होते. मी लिहिलं, 'टीडीसीजी ७९३ वरून ११३६ पीपीएम झाली आहे, सबब ट्रान्सफॉर्मर बदलणे आवश्यक आहे.'

बेरजेवर विसंबू नका

टीडीसीजी म्हणजे सगळ्या ज्वलनशील वायूंची बेरीज. आयईईईच्या जुन्या तक्त्यात ७२० ते १९२० हा दुसरा टप्पा होता, त्यामुळे माझा ट्रान्सफॉर्मर आधीही दुसऱ्या टप्प्यात होता आणि नंतरही. वाचणारा म्हणणार, मग बदललं काय? (२०१९च्या आवृत्तीतून हा बेरजेचा तक्ता काढूनच टाकला आहे. आपल्या फायलींतून तो अजून गेलेला नाही.)

बेरीज फोडली की चित्र बदलतं. ७९३ पैकी ४१० पीपीएम नुसता कार्बन मोनॉक्साइड होता आणि नव्वद दिवसांत तो फक्त ४२० झाला. त्याच काळात इथिलीन १४० वरून ३२० वर गेलं आणि मिथेन ११० वरून २१० वर. एका जागी न हललेल्या मोठ्या आकड्याने पळणारा छोटा आकडा झाकून टाकला होता. इथिलीन तेल फार तापल्यावर सुटतं. मिथेन, इथिलीन आणि अ‍ॅसिटिलीन (६ पीपीएम) यांची टक्केवारी काढली तर इथिलीन जवळजवळ ६० टक्के येतं. डुव्हालच्या त्रिकोणात हा बिंदू टी३ मध्ये पडतो, म्हणजे आत कुठेतरी ७०० अंशांच्या वर तापलेली जागा आहे.

पीपीएमपेक्षा वेग सांगितलेला बरा. १८० पीपीएमची वाढ गुणिले १८,००० लिटर म्हणजे ३,२४० मिलिलिटर. भागिले ९० दिवस, म्हणजे रोज ३६ मिलिलिटर इथिलीन. 'आत रोज इतका वायू तयार होतोय' हे वाक्य वित्त विभागातल्या माणसालाही कळतं.

फिल्टरेशनची तारीख लपवू नका

मुद्दाम कोणी लपवत नाही, पण आलेखावर ती टाकायची राहते. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी गरम करून, व्हॅक्यूम लावून फिल्टरेशन झालं होतं. त्यानंतर इथिलीन एकदम खाली आलं आणि पुन्हा चढत गेलं. तारीख नसलेला आलेख पाहणाऱ्याला वाटतं, मागे वाढलं होतं ते आपोआप कमी झालं, आताही होईल. खरं तर फिल्टरेशनने तेलातला वायू जातो, तापलेली जागा आहे तिथेच राहते. शिवाय पहिले काही आठवडे वाइंडिंगवरच्या कागदात मुरलेला वायू परत तेलात उतरतो, त्यामुळे त्या दिवसांतल्या वाढीवरून वेग काढला तर तो खोटा येतो.

दुसऱ्या पत्रात मी आलेखावर ती तारीख उभ्या रेघेने दाखवली आणि खाली लिहिलं: 'फिल्टरेशन यापूर्वी केले असून वायू पुन्हा वाढले आहेत.' समासातल्या शेऱ्याचं उत्तर तिथेच मिळालं.

गॅस म्हणजे म्हातारपण, असं लिहू नका

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मी ठसठशीत अक्षरांत केली होती: 'वाढत्या वायूंवरून ट्रान्सफॉर्मरचे आयुष्य संपल्याचे दिसते.' तसं अजिबात दिसत नाही. पाच वर्षांच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एखादा जोड ढिला असेल तर हेच आकडे येतील, आणि तो जोड आवळला की काम झालं. माझ्याच अहवालात कार्बन डायऑक्साइड ३,९०० होता. त्याला कार्बन मोनॉक्साइडच्या ४२० ने भागलं तर ९.३ येतं. हे गुणोत्तर ३ ते १० मध्ये असलं तर कागद जळतोय असं म्हणता येत नाही. टेस्टिंग विभागातल्या कोणीही हे दाखवलं असतं आणि माझं पत्र तिथेच बसलं असतं.

बदलून मागायचं असेल तर दोन वेगळे पुरावे लागतात: दोष चालू आहे याचा, आणि दुरुस्ती परवडणार नाही याचा. वायू पहिलाच देतात.

दोष कुठे आहे हे पाहायला आम्ही दोन फीडर दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर टाकले आणि लोड २२ वरून १५ एमव्हीएवर आणला. पुढच्या तीस दिवसांत इथिलीन फक्त ८ पीपीएम वाढलं, म्हणजे रोज जेमतेम ५ मिलिलिटर. लोडबरोबर वेग पडतो, म्हणजे दोष करंटच्या वाटेवर आहे; कोअरमध्ये असता तर इतका फरक पडला नसता. मग शटडाउन घेऊन वाइंडिंग रेझिस्टन्स मोजला. १३२ केव्ही बाजूला आर फेज बाकी दोघांपेक्षा ४ टक्के जास्त, आणि तोही सगळ्या टॅपवर. एक-दोन टॅपवरच फरक असता तर टॅप सिलेक्टरच्या कॉन्टॅक्टवर संशय गेला असता. बुशिंगचा वरचा जोड उघडून साफ केला, डायव्हर्टर पाहिला, तेल उतरवून मॅनहोलमधून हात पोचतो तिथपर्यंतचे जोड तपासले. आर फेजचा फरक तसाच राहिला. म्हणजे खराब जोड आत, वाइंडिंगपाशी. तिथे जायचं तर गाभा टाकीतून उचलावा लागणार.

आता वय मोजायचं. त्यासाठी तेलातलं फ्युरान तपासतात. ते फक्त कागद झिजल्यावर येतं. आमचं ४ पीपीएम आलं. त्यावरून कागदाचा डीपी, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, अंदाजे २६० निघतो. नव्या कागदाचा हजाराच्या आसपास असतो, आणि २०० ला आयुष्य संपलं असं धरतात. हा अंदाज साध्या क्राफ्ट कागदासाठी आहे, आणि तेल फुलर्स अर्थमधून काढलं असेल तर फ्युरान धुतलं जाऊन आकडा फसवा येतो. आमच्याकडे ते झालेलं नव्हतं, हेही पत्रात लिहिलं. असा कागद उचलताना, वाळवताना, पुन्हा आवळताना तडकतो. आणि दुरुस्ती पार पडली तरी पहिल्या पावसाळ्यात ३३ केव्हीला जवळचा फॉल्ट आला की वाइंडिंगला बसणारा हिसका तो कागद सोसेल याची हमी कोण देणार?

फक्त 'नवा द्या' म्हणून थांबू नका

नवा ट्रान्सफॉर्मर उद्या येत नाही. तोवर काय, हे पत्रात नसेल तर वरच्याला वाटतं घाई नाही. मी शेवटी तीन ओळी टाकल्या: लोड १५ एमव्हीएच्या वर नेऊ नये, तेलाचा नमुना दर पंधरा दिवसांनी काचेच्या सिरिंजमध्ये, बुडबुडा न येऊ देता घ्यावा, आणि अ‍ॅसिटिलीन ६ वरून ठळकपणे चढू लागलं किंवा बुखोल्झचा अलार्म आला तर ट्रान्सफॉर्मर विचारत न बसता बंद करण्याची परवानगी असावी. तिसऱ्या ओळीवर सही मिळणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं.

या वेळी पत्र शेऱ्याविना वर गेलं. नंतर एकच प्रश्न आला, फोनवर: 'जुन्या पायावर नवा बसेल का?' रुळांमधलं अंतर आणि बुशिंगची उंची मोजून ठेवली नव्हती. टेप घेऊन यार्डात गेलो.