हापूस 'थेट बागेतून' मागवताय? आधी हे बघा

साईटवर सगळेच देवगड-रत्नागिरीचे बागायतदार असतात, खरं कोण ते ओळखायचं कसं?

१. आधी पिनकोड टाका, फोटो नंतर बघा. कार्ट भरून झाल्यावर 'तुमच्या भागात डिलिव्हरी नाही' कळलं की डोकं फिरतं.

२. व्हॉट्सॲपवर विचारा, बाग कुठल्या गावात आणि जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाची नोंदणी कोणाच्या नावावर? २०१८ पासून कोकणातल्या हापूसला जीआय आहे, नोंदणी केलेल्या बागायतदाराला नंबर मिळतो. नुसता लोगो कोणीही चिकटवतं, नंबर आणि नाव जुळलं पाहिजे.

३. खोटा विक्रेता ओळखायची सगळ्यात भारी खूण म्हणजे ताजेपणाचं आश्वासन. हापूस झाडावरून कच्चाच पण तयार झालेला उतरवतात आणि मग गवतात आठ-दहा दिवस पिकतो, त्यामुळे 'आज तोडला, उद्या खायला तयार' म्हणणारा एकतर तोडणीची तारीख खोटी सांगतोय नाहीतर आंबा घाईने पिकवतोय. खरा माणूस विचारतो, कच्चा पाठवू की अर्धा पिकलेला?

पहिल्यांदा एकच डझन मागवा, आणि पेटी उघडताना व्हिडिओ काढा, खराब फळाचे पैसे परत मागितले की बहुतेक विक्रेते तोच मागतात.