सोलापूरकडच्या कटिंगचा स्थिरता-सारांश: या चुका टाळा

सोलापूर म्हणजे दुष्काळी भाग, इथे दरड कुठून येणार, असं गृहीत धरूनच रस्त्यासाठी उतार कापून केलेल्या कटिंगच्या स्थिरतेचा सारांश लिहिला जातो. पावसाची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. ती दाखवून ‘पावसाचा धोका कमी’ असं एक वाक्य टाकलं की पाण्याचा विषय संपतो. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे. उतार वार्षिक सरासरीने घसरत नाही. तो एका ओल्या आठवड्याने घसरतो, आणि आपल्याकडे असा आठवडा बहुतेकदा सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. ऑक्टोबर 2020 चा पाऊस पंढरपूर-सोलापूरकरांच्या चांगला लक्षात आहे.

बार्शीच्या बाजूला बालाघाटाच्या उतारावरची एक नेहमीसारखी कटिंग घेऊ. उंची 8 मीटर, वर काळ्या मातीचा पातळ थर, खाली मुरूम, पायथ्याशी कठीण बेसाल्ट. उतार 1 उभा, 1.5 आडवा, म्हणजे साधारण 33.7 अंश. मुरुमाचा 2 मीटर जाडीचा थर उताराला समांतर घसरेल असं धरलं, तर हिशेब असा:

```
FS = [c + (γ·z·cos²β − u)·tanφ] / (γ·z·sinβ·cosβ)
```

यात FS म्हणजे सुरक्षा गुणांक, तो 1 च्या खाली गेला की उतार टिकत नाही. z म्हणजे थराची जाडी, β म्हणजे उताराचा कोन, आणि u म्हणजे घसरणीच्या पातळीवरचा पाण्याचा दाब. एकक वजन γ 19 किलोन्यूटन प्रति घनमीटर, घर्षणकोन φ 32 अंश आणि चिकटपणा c 8 किलोपास्कल धरू. कोरड्या अवस्थेत सुरक्षा गुणांक 1.39 येतो. थराच्या निम्म्या जाडीपर्यंत पाणी चढलं की 1.15, आणि पूर्ण भरलं की 0.91. सारांशात फक्त पहिला आकडा छापला तर वाचणाऱ्या अभियंत्याला उरलेल्या दोन अवस्थांचा पत्ताच लागत नाही.

दुसरी चूक या 8 किलोपास्कलमध्ये लपलेली असते. नमुना मे महिन्यात काढलेला असतो. तेव्हा मुरूम इतका कोरडा असतो की कणांमधल्या उरल्यासुरल्या ओलाव्याचं शोषण कणांना धरून ठेवतं, आणि प्रयोगशाळेत ते चिकटपणा म्हणून मोजलं जातं. पाऊस मुरला की हे बळ जातं. खरा चिकटपणा 3 किलोपास्कल निघाला, तर कोरड्याचा गुणांक 1.11 आणि निम्म्या पाण्याचा 0.87. म्हणजे निम्म्या पाण्यालाच उतार गेला. म्हणून नमुना पूर्ण भिजवून, पाणी निघू देत कातर-चाचणी करा, आणि गृहीतकांच्या तक्त्यात नमुना कुठल्या महिन्यात काढला व कसा तपासला हे लिहा. ही एक ओळ पुढच्या माणसाचे खूप कष्ट वाचवते.

किती पावसाला उतार घसरू शकतो, त्या उंबरठ्याबाबतही असंच होतं. भूरूपशास्त्रज्ञ नेल केन यांचं 1980 चं जागतिक सूत्र उचललं जातं. त्यानुसार 24 तासांसाठी हा उंबरठा सुमारे 103 मिलिमीटर येतो. पण ते सूत्र आधीचे दहा दिवस कोरडे होते की ओले, हे विचारत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांतून पहिल्या मोठ्या सरीचं पाणी थेट मुरुमात उतरतं. नंतर भेगा मिटतात, पण आत गेलेलं पाणी कठीण बेसाल्टवर अडून राहतं. त्यामुळे इशाऱ्याचा आकडा एका दिवसाच्या पावसासोबत मागच्या दहा-पंधरा दिवसांच्या बेरजेवरही बांधा, आणि जवळच्या पर्जन्यमापकाशी ताडून बघा. कटिंगच्या माथ्यावर काठाला समांतर भेग, पायथ्याशी फुगवटा, गढूळ झिरपा यांपैकी काहीही दिसलं तर आकड्याची वाट न बघता वाहतूक थांबवावी.

उपाय सुचवताना घाईत ‘उतार सपाट करावा’ असं लिहिलं जातं. आपल्याच कटिंगवर बघा. 1 उभा, 2 आडवा केला आणि चिकटपणा 3 धरला, तर कोरड्यात गुणांक 1.45 पर्यंत जातो. पण निम्म्या पाण्याला तो 1.12 वरच थांबतो. त्यासाठी माथ्यावर आणखी 4 मीटर जमीन लागते, ती शेतकऱ्याची. म्हणून आधी पाणी बाहेर काढायचं, मग उतार.

माथ्यावरचा चर नुसता खोदून सोडू नका. काळ्या मातीत तो स्वतःच भेगाळतो आणि पाणी कटिंगमध्ये सोडतो. खाली न फुगणाऱ्या मुरुमाचा दाबलेला थर देऊन अस्तर करा. बेसाल्टच्या जरा वर, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, छिद्र पाडलेले आडवे निचरा-पाइप घाला. पायथ्याला गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेली भिंत, चालते, कारण तिच्यातून पाणी जातं, पण मागे गाळण-कापड हवंच, नाहीतर मुरुमाची माती तिच्यात भरते. पाणी बाहेर पडायची भोकं, म्हणजे वीप होल, न ठेवता फवारून मारलेलं काँक्रीट, म्हणजे शॉटक्रीट, मात्र नकोच, त्यामागे पाणी साचून सूत्रातला u आपणच वाढवतो. लोखंडी जाळी सुटे दगड अडवते. अशी वरवर लावलेली जाळी 2 मीटरचा घसरता थर तोलू शकत नाही, त्यामुळे ती ‘स्थिरीकरण’ या शीर्षकाखाली लिहू नये.