चौकशी कुठून आली आणि ऑर्डर कुठून मिळाली: शीटमध्ये सोर्सची नोंद कशी ठेवावी

शीट कशी उघडायची आणि रकाने कसे पाडायचे हे सांगत बसत नाही. गूगल शीट घ्या, एका ओळीत एक चौकशी लिहा: तारीख, नाव-गाव, मोबाईल. एवढं कुणालाही जमतं. माझं अख्खं वर्ष वाया गेलं ते फक्त एका रकान्यापायी, त्याचं नाव ‘सोर्स’.

आमचं काम छतावरच्या सोलरचं. दुकान सांगलीत विश्रामबागला, कामं मिरज-कुपवाडपासून तासगाव-पलूसपर्यंत. 2024 च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी म्हटल्यावर चौकश्या वाढल्या, आणि त्या कुठून येतायत ते कळावं म्हणून मी हा रकाना टाकला. काउंटरवरच्या मुलीनं तो अगदी प्रामाणिकपणे भरला: फोन, व्हॉट्सॲप, दुकान, फोन, दुकान. वर्षाखेरीला बेरीज केली तर निम्म्याहून जास्त ऑर्डरी ‘दुकान’च्या नावावर. मी खूश. माणसं आपणहून दुकानात येतायत तर फेसबुकच्या जाहिरातीला पैसे कशाला घालायचे? जाहिरात बंद केली. दोन महिन्यांत दुकानात येणारी माणसंच घटली.

चूक मुलीची नव्हती, माझ्या रकान्याची होती. फोन, व्हॉट्सॲप, दुकान हे सोर्स नव्हेत. माणूस आपल्यापर्यंत कोणत्या वाटेनं आला एवढंच त्यातून कळतं. आपलं नाव त्याला पहिल्यांदा कुठं समजलं, ते वेगळं. दीड-दोन लाखांची वस्तू कोण नुसत्या मोबाईलवर बघून घेतं? जाहिरात बघतो, नंबर सेव्ह करतो, बायकोशी बोलतो आणि मग रविवारी गाडी काढून दुकान खरंच आहे का ते बघायला येतो. आम्ही त्याला ‘दुकान’ लिहायचो.

म्हणून रकाने दोन करा. एकाचं नाव ‘पहिल्यांदा कुठं कळलं’, दुसऱ्याचं ‘आज कसे आले’. हिशोब कायम पहिल्यावर करायचा. दुसरा कशाला ठेवायचा, तर तो नसला की ‘फोन’ आणि ‘दुकान’ हळूच पहिल्यात शिरतात.

माझ्या शीटमध्ये A तारीख, B नाव-गाव, C मोबाईल, D पहिल्यांदा कुठं कळलं, E आज कसे आले, F कोणी लिहिलं, G टिपण आणि H ॲडव्हान्सची तारीख. D मध्ये हातानं टाइप करू देऊ नका. एक जण ‘जुना ग्राहक’ लिहितो, दुसरा ‘जुने ग्राहक’, तिसरा ‘जुना कस्टमर’, आणि शीट ते तीन वेगळे सोर्स धरते. `Data` मधल्या `Data validation` मध्ये ड्रॉपडाउन करा आणि खालच्या `Advanced options` मध्ये `Reject the input` निवडा. नाहीतर नुसता इशारा येतो आणि चुकीचा शब्द तसाच आत बसतो.

ड्रॉपडाउनमध्ये सहा-सातपेक्षा जास्त नावं नकोत. आमच्याकडं सहा आहेत: जुना ग्राहक, वायरमन, फेसबुक जाहिरात, ऑनलाइन डिरेक्टरी, बोर्ड किंवा गाडी, आणि माहीत नाही. ‘इतर’ हा पर्याय मी काढून टाकला. कंटाळा आला की सगळं ‘इतर’मध्ये जातं. ‘माहीत नाही’ लिहिताना निदान आपण विचारलं नाही याची लाज वाटते.

आता खरी अडचण, म्हणजे विचारायचं कसं. “आमच्याबद्दल कुठून कळलं?” असं विचारलंत तर आपल्याकडं ठरलेलं उत्तर येतं, “असंच कळलं की!” नाहीतर “बघितलं कुठंतर मोबाईलवर.” मोबाईलवर म्हणजे फेसबुक, डिरेक्टरी, का मेव्हण्यानं पाठवलेला फोटो? माणूस खोटं बोलत नसतो, त्याला तो प्रश्नच महत्त्वाचा वाटत नाही. आणि तुम्ही पर्याय वाचून दाखवलेत, “फेसबुकवर बघितलं का?”, तर तो हो म्हणून मोकळा होतो. मी ते सहा महिने केलं, आणि त्या सहा महिन्यांत फेसबुकचे आकडे फुगले.

चालतो तो प्रश्न असा: “काका, फोन करायच्या आधी सोलरचं कुणाशी बोलणं झालं होतं का?” यावर माणूस गोष्ट सांगायला लागतो. “आमच्या शेजाऱ्यानं बसवलंय, त्यानंच सांगितलं,” किंवा “वायरिंगवाला म्हणाला, ह्यांना विचारा.” कुणाशीच बोलणं झालेलं नसेल तर दुसरा प्रश्न: “मग आमचा नंबर कुठं मिळाला?” नंबर मिळाल्याची जागा लोकांना बरोबर आठवते. हे दोन प्रश्न याच क्रमानं विचारा. नंबर आधी विचारलात तर शेजाऱ्यानं पाठवलेलं गिऱ्हाईकही “नेटवरून” म्हणतं, कारण शेजाऱ्यानं नाव सांगितलं आणि नंबर त्यानं नेटवर शोधला. आम्ही असं गिऱ्हाईक ‘जुना ग्राहक’मध्ये टाकतो.

विचारायचं ते पहिल्याच बोलण्यात, दर सांगायच्या आधी. दर ऐकल्यावर माणसाचं लक्ष दरावर जातं. साइट बघायला गेल्यावर विचारू म्हणाल तर दहा दिवस गेलेले असतात, त्याला आठवत नाही आणि आपल्यालाही विचारायचं आठवत नाही.

जिथं विचारावंच लागत नाही तिथं विचारू नका. पत्रकावरच्या आणि गाडीवरच्या क्यूआरला मी अशी लिंक लावतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Solar+mahiti+G1
```

स्कॅन केलं की व्हॉट्सॲपमध्ये मजकूर तयार येतो, माणूस फक्त पाठवतो. G1 म्हणजे गाडी, P1 म्हणजे पत्रक. फेसबुकच्या जाहिरातीतून व्हॉट्सॲप उघडतं, तिथंही आधीच भरलेला मजकूर ठेवता येतो. आमचा F1 नं संपतो. काही जण तो पुसून आपलं लिहितात. त्यांना वरचे दोन प्रश्न.

एकदा D भरला की त्याला हात लावायचा नाही. हा नियम मोडायचा मोह ऑर्डर पक्की होताना होतो. दुकानात ॲडव्हान्स दिला म्हणून कुणीतरी ‘फेसबुक’ खोडून दुसरं काही करतं, किंवा वायरमन येऊन म्हणतो, “दादा, ते गिऱ्हाईक माझंच होतं.” कमिशन मिळतं म्हटल्यावर असं होणारच. वायरमननं नाव आधी, गिऱ्हाईकाचा फोन यायच्या अगोदर व्हॉट्सॲपवर पाठवलेलं असेल तरच ते त्याचं, असं आम्ही ठरवून टाकलं. भांडणं तिथंच थांबली. शंका आली तर त्या चौकटीवर राइट क्लिक करून `Show edit history` बघा, कोणी कधी काय बदललं ते दिसतं.

एकच माणूस दोनदा लिहिला जातो, हेही होतं. आज फोन केला, पंधरा दिवसांनी दुकानात आला, दोन ओळी झाल्या. मोबाईल नंबरवरून पकडता येतं, पण एक नंबर +91 नं, दुसरा मध्ये जागा सोडून लिहिलेला असतो. C रकाना आधी `Format`, `Number`, `Plain text` करून घ्या आणि J मध्ये शेवटचे दहा आकडे काढा:

```
=RIGHT(REGEXREPLACE(C2&"","\D",""),10)
```

J मध्ये तोच नंबर पुन्हा दिसला तर जुनी ओळ ठेवायची, नवीन काढायची. उलट केलंत तर पहिला सोर्स गेला. नवऱ्यानं एका नंबरवरून आणि बायकोनं दुसऱ्यावरून विचारलेलं मात्र सूत्राला कळत नाही. ते नाव-गावावरून नजरेनंच बघावं लागतं.

ऑर्डर पक्की कधी धरायची? ॲडव्हान्स बँकेत जमा झाला त्या दिवशी, H मध्ये तारीख टाकून. “नक्की करतोय” म्हणणारे आणि नुसती योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करून बसलेले मी मोजत नाही.

आता मोजणी. यात बहुतेक जण मार्चच्या चौकश्या आणि मार्चच्या ऑर्डरी शेजारी ठेवतात. आमच्याकडं चौकशीपासून ॲडव्हान्सपर्यंत वीस दिवस ते दोन महिने जातात, म्हणजे मार्चची ऑर्डर बहुधा जानेवारी-फेब्रुवारीच्या चौकशीची असते. म्हणून जानेवारी ते मार्चमध्ये चौकशी केलेली माणसं एक तुकडी धरायची, आणि त्यांच्यातल्या किती जणांनी ॲडव्हान्स दिला ते जूनअखेर बघायचं. K मध्ये सोर्सची नावं लिहून L मध्ये चौकश्या:

```
=COUNTIFS(D:D,K2,A:A,">="&DATE(2025,1,1),A:A,"<"&DATE(2025,4,1))
```

आणि M मध्ये त्यातल्याच पक्क्या:

```
=COUNTIFS(D:D,K2,A:A,">="&DATE(2025,1,1),A:A,"<"&DATE(2025,4,1),H:H,">0")
```

अट चौकशीच्या तारखेवरच आहे, ॲडव्हान्सच्या नाही. H नुसता भरलेला असला की झालं.

माझ्या एका तुकडीत 240 चौकश्या होत्या आणि 36 ऑर्डरी. जुन्या ग्राहकांनी पाठवलेल्या 34 मधून 13, वायरमनच्या 22 मधून 7, फेसबुकच्या 96 मधून 9, डिरेक्टरीच्या 58 मधून 2, बोर्ड-गाडीच्या 17 मधून 4, आणि ‘माहीत नाही’च्या 13 मधून 1. फेसबुकवर तीन महिन्यांत 27,000 गेले होते, म्हणजे एका ऑर्डरमागं 3,000. डिरेक्टरीवर 18,000, म्हणजे एका ऑर्डरमागं 9,000. वायरमनला ऑर्डरमागं 2,000 ठरलेलेच.

याच तुकडीवर मी जुन्या पद्धतीचा हिशोब करून बघितला. फेसबुकच्या 9 जणांपैकी 6 जण शेवटी दुकानात येऊन ॲडव्हान्स देऊन गेले होते. ते ‘दुकान’मध्ये टाकले तर फेसबुकला उरतात 3, म्हणजे ऑर्डरमागं 9,000, डिरेक्टरीइतकेच. आदल्या वर्षी जाहिरात बंद करायला लावणारा हिशोब असाच होता.

मी डिरेक्टरीची वर्गणी पुढं भरली नाही आणि पुन्हा चालू केलेलं फेसबुक तसंच ठेवलं. बोर्ड-गाडीबद्दल मात्र काही ठरवलं नाही. 17 मधून 4 दिसायला झकास आहेत, पण दोन माणसं इकडंतिकडं झाली की चित्र पालटतं. अजून दोन तुकड्या बघून मगच तासगाव रोडवर दुसरा बोर्ड लावायचा का ते बघू. जुन्या ग्राहकांचे 13 बघून सगळे पैसे तिकडं वळवू म्हणाल तर वळवणार कशात? आम्ही ज्यानं गिऱ्हाईक पाठवलं त्याच्या पॅनलची एक धुलाई फुकट करून देतो. त्यानं संख्या थोडी वाढते, पण जेवढे पॅनल बसलेत तेवढेच शेजारी.

दर सोमवारी सकाळी मी फक्त एकच आकडा बघतो, गेल्या आठवड्यातले ‘माहीत नाही’. वीस चौकश्यांत दोनापेक्षा जास्त झाले की त्या दिवशी काउंटरवर मी स्वतः बसतो आणि फोन मीच उचलतो.