खरचटलेल्या चामडी बुटांवर थेट पॉलिश लावताय? या चुका टाळा

ज्या मोटरसायकलचा गिअर पायाने वर उचलून टाकावा लागतो, ती रोज चालवणाऱ्याचा डावा बूट उजव्यापेक्षा लवकर म्हातारा होतो. गिअरचा दांडा नेमका बुटाच्या पुढच्या भागावर, वरच्या बाजूने घासतो. काळ्या बुटावर ते पटकन दिसत नाही. टॅन किंवा तपकिरी बुटावर मात्र काही महिन्यांत फिकट, खरबरीत पट्टा उमटतो आणि त्याच्या कडेने रबराचे काळे डाग पडतात. मग बहुतेक जण डबीतलं पॉलिश त्या पट्ट्यावर जोरजोरात रगडतात. दोन दिवस बूट बरा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा वर येतो, या वेळी आधीपेक्षा मळकट होऊन.

असं होतं कारण डबीतलं पॉलिश हे मुख्यतः मेण असतं. त्याचं काम चकाकी देण्याचं आणि थोडं पाणी अडवण्याचं. उडालेला रंग भरणं किंवा कोरड्या चामड्याला मऊ करणं त्याला जमत नाही. म्हणून या लेखात टॅन रंगाचा, लेसवाला, ऑफिसला घालायचा डावा बूट समोर ठेवून सगळा क्रम पाहू.

चूक १ : ओरखडा कसला आहे हे न पाहता सुरुवात करणं

आधी बूट नेमका कशाचा आहे ते बघा. बुटाच्या जिभेवर, लेसखाली सहज न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. थोड्या वेळात थेंब मुरून चामडं गडद झालं, तर ते खुलं चामडं आहे. त्यात चामड्याला मऊ करणारं कंडिशनर आणि रंग भरणारं क्रीम दोन्ही मुरतील. थेंब तसाच गोल राहिला, तर वर रंगाचा जाड थर आहे. ऑफिसच्या मध्यम किमतीच्या चकचकीत बुटांत असं चामडं भरपूर सापडतं. त्यावर कंडिशनरचा उपयोग कमी, आणि थर खोल खरवडला गेला असेल तर क्रीमने तो झाकला जातो, भरून निघत नाही. पापुद्रे सुटून खालचं कापड दिसू लागलं असेल तर ते रेक्झिन आहे. त्यावर मेहनत घेऊ नका. सुएड आणि नुबक, म्हणजे मखमली पृष्ठभागाचे बूट, पूर्णपणे वेगळे. त्यांना या लेखातली एकही वस्तू लावायची नाही.

आता खुल्या चामड्याचा पट्टा ओल्या बोटाने हलकासा पुसा. या एका कृतीत बरंच कळतं. ओलं असताना पट्टा भोवतालच्या रंगात मिसळून गेला, तर चामडं फक्त कोरडं पडलंय आणि वरचा रंग थोडा गेलाय. कंडिशनर आणि क्रीमने तो जवळपास नाहीसा होईल. ओला होऊनही फिकट राहिला तर रंग बराच उडालाय आणि क्रीमचे दोन-तीन हात लागतील. नख फिरवल्यावर खाच लागत असेल किंवा तंतू उभे राहिलेले दिसत असतील, तर पृष्ठभागच फाटलाय. तिथे खुणेचा ठसा थोडा राहणार, हे आधीच मनाशी ठरवा.

चूक २ : धूळ असतानाच घासणं, किंवा साबणाच्या पाण्यात धुणं

लेस काढा. सुक्या ब्रशने सगळी धूळ झाडा आणि तळ व वरचं चामडं जिथे जुळतं त्या शिवणीत जुना टूथब्रश फिरवा. ही धूळ राहिली तर पुढच्या प्रत्येक पायरीला ती बारीक वाळूसारखी घासत राहते आणि तुम्ही स्वतःच नवे ओरखडे पाडता.

नंतर सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा. सॅडल सोपवर, म्हणजे चामडं साफ करायच्या साबणावर, हलकं फिरवा आणि गोल गोल हाताने बूट पुसा. सॅडल सोप मिळाला नाही तर नुसतं ओलं फडकंही चालेल. कपड्यांचा साबण किंवा भांड्यांचं लिक्विड मात्र नको, कारण चामडं कमावताना त्यात जे तेलकट द्रव्य मुरवलेलं असतं तेच ते ओढून काढतात. सॅडल सोपही क्षारयुक्तच असतो, म्हणून नंतर स्वच्छ ओल्या फडक्याने त्याचा अंश पुसून टाका आणि दर आठवड्याला वापरू नका.

इथे बारकावा असा, की फक्त पट्टा ओला करून थांबू नका. पुढचा सगळा भाग शिवणीपर्यंत एकसारखा पुसा. मधोमध ओली जागा सुकली की तिच्या कडेने पाण्याची रेघ उरते आणि मग ती घालवणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

गिअरच्या रबराचा काळा डाग म्हणजे ओरखडा नव्हे, वर चिकटलेला थर आहे. पेन्सिलचं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं तरी तो बराचसा निघतो. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, सॅनिटायझर यांनी तो झटकन जातो खरा, पण त्याच्याबरोबर बुटाचा रंगही जातो. टूथपेस्टही टाळा, तिच्यातली बारीक पूड चामड्याचा वरचा थर घासून काढते.

चूक ३ : उन्हात किंवा हीटरजवळ वाळवणं

ही चूक पावसाळ्यात जास्त होते. भिजलेला बूट गॅसजवळ, बाइकच्या इंजिनावर किंवा कडक उन्हात ठेवला की चामडं आकसतं, कडक होतं आणि जिथे पाय वाकतो तिथे तडे जातात. तडा गेला की तो बुजत नाही. पॉलिश त्यात जाऊन बसतं आणि रेघ अधिकच उठून दिसते.

पुसलेला बूट सावलीत, पंख्याच्या हवेत दोनेक तास पुरेसा सुकतो. पूर्ण भिजलेल्या बुटाला एक ते दोन दिवस द्या. आत कागद कोंबा आणि ओला झाला की बदला. फिकट अस्तर असेल तर छापील वर्तमानपत्राऐवजी कोरा कागद घ्या, कारण शाई अस्तराला लागते.

चूक ४ : खोबरेल तेलाला कंडिशनर समजणं

घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलं जातं आणि पहिल्या दिवशी बूट मऊ, गडद, सुंदर दिसतो. मग अडचणी सुरू होतात. तेल एकसारखं मुरत नाही, त्यामुळे टॅन बुटावर गडद धब्बे पडतात. वर राहिलेल्या तेलावर धूळ बसते, आणि तेलकट पृष्ठभागावर पॉलिश धरत नाही. खरचटलेली जागा बाकीच्या चामड्यापेक्षा जास्त तहानलेली असल्याने ती सगळ्यात जास्त तेल पिते, आणि फिकट पट्ट्याच्या जागी काळपट पट्टा होतो. तो परत आणणं जवळपास अशक्य.

बुटांसाठी म्हणून मिळणारं कंडिशनर घ्या. एका बुटाला मटाराच्या दाण्याएवढं पुरतं. आधी फडक्यावर घ्या आणि न खरचटलेल्या भागापासून सुरुवात करून शेवटी, फडकं जवळपास कोरडं झाल्यावर, पट्ट्यावर या. असं केल्याने तिथे एकदम जास्त मुरत नाही. रात्रभर ठेवा. सकाळी बोट चिकट लागलं तर जास्त लागलंय असं समजा. कोरड्या फडक्याने जादाचं पुसा आणि आणखी एक दिवस थांबा. रात्रभर थांबण्याचं दुसरं कारण असं, की कंडिशनरनंतर चामडं थोडं गडद होतं आणि मुरल्यावरच खरी छटा कळते. पॉलिशचा रंग त्यानंतरच निवडावा.

तंतू उभे असतील तर आता त्यांच्याकडे बघा. सुटलेली साल ओढून तोडू नका. टूथपिकच्या टोकावर चामड्याचा गोंद घेऊन ती खाली चिकटवा आणि सुकू द्या. नुसती लव उभी असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरचे अगदी हलके चार-पाच हात पुरतात. हे फक्त खुल्या चामड्यावर करायचं. रंगाचा जाड थर असलेल्या बुटावर पेपर फिरवला तर जखम रुंद होते.

चूक ५ : क्रीम आणि मेण यांतला फरक न करणं

रंग भरण्यासाठी क्रीम पॉलिश लागतं. मेणाच्या पॉलिशपेक्षा त्यात रंगद्रव्य जास्त असतं आणि ते चामड्यात थोडं मुरतं. छटा निवडताना बुटापेक्षा किंचित फिकट घ्या. कमी पडलं तर आणखी एक हात देता येतो, पण गडद झालेलं फिकट करता येत नाही. जिभेवर आधी लावून बघा.

आपल्या टॅन बुटाला असं करायचं : बोटाला गुंडाळलेल्या फडक्यावर थोडं क्रीम घ्या, पट्ट्यावर आणि त्याच्या भोवती दोन बोटं रुंद लावा, कडा विरघळत न्या. दहा मिनिटं थांबा, घोड्याच्या केसांच्या ब्रशने झटपट घासा आणि उजेडात धरून बघा. पट्टा अजून दिसत असेल तर पुन्हा पातळ हात द्या. एकाच वेळी जाड थर दिला तर तो सुकल्यावर पॅंटच्या पायाला लागतो. दोन-तीन हातांनंतर सगळ्या बुटाला एक पातळ हात द्या, आणि उजव्या बुटालाही. नाहीतर डावा नवा आणि उजवा जुना दिसेल.

मेणाचं पॉलिश सगळ्यात शेवटी, आणि तेही फक्त पुढच्या टोकावर व टाचेवर, जिथे चामडं वाकत नाही. पाय मुडपतो तिथे मेणाचे थर चढवले की ते फुटतात आणि सुरकुत्यांत पांढऱ्या रेघा दिसतात. पातळ थर, पाच मिनिटं, मग फडक्यावर पाण्याचा एखादा थेंब घेऊन हलक्या हाताने गोल फिरवायचं. स्पंजाच्या बाटलीतलं लिक्विड पॉलिश या कामात कुठेच बसत नाही. ते वर कोरडा पापुद्रा सोडतं, आणि पुढच्या वेळी कंडिशनर त्यापलीकडे जात नाही.

सगळं करूनही काही बिघडलं तर

घासूनही चकाकी येत नसेल तर बहुधा क्रीम सुकण्याआधी मेण लावलंय किंवा खाली जुन्या पॉलिशचे थर आहेत. पॉलिश काढणाऱ्या क्लीनरने जुना थर उतरवा आणि कंडिशनरपासून पुन्हा सुरू करा.

काही दिवसांनी पांढुरकी भुकटी दिसली तर ती कसली आहे हे शोधायला हवं. हेअर ड्रायरच्या कोमट हवेने ती विरघळून नाहीशी झाली तर ते मेण किंवा चामड्यातली चरबी आहे, घाबरण्यासारखं काही नाही. उष्णतेने फरक पडला नाही पण ओल्या फडक्याने निघाली आणि सुकल्यावर परत आली, तर ते घामाचे किंवा पाण्याचे क्षार आहेत. ठिपक्याठिपक्यांची, केसाळ आणि कुबट वासाची असेल तर बुरशी. कोकणात आणि मुंबईत बंद कपाटात ठेवलेल्या बुटांना जून ते सप्टेंबर ती हमखास धरते. बुरशी घराबाहेर झाडा, पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा, नीट सुकवा आणि मगच कंडिशनर लावा. ओल्या चामड्यावर लावलेल्या पॉलिशखाली ती पुन्हा वाढते.

पट्टा नख अडकेल इतका खोल असेल, किंवा जाड रंगथराच्या बुटाचा थर निघून आतलं पांढरट चामडं उघडं पडलं असेल, तर क्रीमचे हात वाढवत बसू नका. तिथे चामड्याचं फिलर पातळ थरांत भरून वरून रंग द्यावा लागतो. बूट दुरुस्ती करणाऱ्या जाणत्या कारागिराकडे द्या आणि काम सुरू होण्याआधी जिभेवर रंग लावून दाखवायला सांगा. आणि बूट परत घालण्यापूर्वी गिअरच्या दांड्यावरचं रबर तपासा. ते झिजून खालचं लोखंड उघडं पडलं असेल तर नवं रबर बसवून घ्या.