चेन मागून उघडतेय? पक्कड उचलायच्या आधी हे जमवा

रनर ओढलं, ते टोकापर्यंत गेलंही, पण मागे बघावं तर दात उघडेच, असं ज्यांच्या बॅगचं किंवा जॅकेटचं झालंय त्यांच्यासाठी लिहितोय. मागच्या डिसेंबरात भाच्याला पुण्याला होस्टेलवर सोडायचं होतं, सकाळी सहाची गाडी जळगावहून, आणि आदल्या रात्री दहा वाजता मोठ्या बॅगची चेन अशी झाली. मी घरातली मोठी पक्कड घेतली, रनर जोरात दाबलं, आणि ते कट्‌कन तडकलं. दुसरं रनर घरात नव्हतं. बॅग सुतळीने बांधून नेली, पोराचे कपडे रस्ताभर बाहेर डोकावत होते, मला अजून वाईट वाटतं त्याचं. म्हणून पहिली गोष्ट आताच सांगतो आणि पुढेही सांगत राहणार: पक्कड लावायच्या आधी त्याच नंबरचं दुसरं रनर हातात पाहिजे.

आधी बिघाड नक्की कुठे आहे ते बघा. चेन दरवेळी वेगवेगळ्या जागी उघडते का एकाच जागी? कुठेही उघडत असेल तर दोष रनरचा. रनरला वर-खाली दोन पत्रे असतात, पुढे दोन तोंडं आणि मागे एक. दोन्हीकडचे दात पुढून वेगवेगळे आत शिरतात आणि मागून एकमेकांत अडकून बाहेर येतात, कारण मागे ते दोन पत्रे त्यांना दाबून धरतात. वापरून वापरून हे पत्रे फाकतात, आतून झिजतात, आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आत बसली की अजूनच लवकर, मग दात रनरमधून जातात खरे पण अडकतच नाहीत. पण दरवेळी एकाच जागी उघडत असेल तर तिथे नख फिरवून बघा, दात तुटलेला असेल, दातांची नायलॉनची गुंडाळी वाकलेली असेल, किंवा दात लावलेली कापडी पट्टी फाटलेली असेल. तिथे रनर दाबून काहीच होणार नाही, उगाच चांगलं रनर खराब कराल.

आता नंबर. रनर उलटं करून बघा, कडी असते त्याच्या विरुद्ध बाजूला बारीक आकडा कोरलेला असतो, 3, 5, 8, 10 असा. जॅकेटला बहुतेक 5, मोठ्या बॅगला 8 किंवा 10. हा आकडा म्हणजे बंद चेनच्या दातांची साधारण रुंदी मिलिमीटरमध्ये. आकडा पुसला गेला असेल तर बंद चेनच्या दातांची रुंदी मोजपट्टीने मोजा, नाहीतर रनरचा मागून फोटो काढून दुकानात दाखवा, सगळ्यात उत्तम म्हणजे बॅगच घेऊन जा. मी दुसऱ्यांदा इथेच चुकलो. पुण्याहून आल्यावर टेलरिंग सामानाच्या दुकानात गेलो, काउंटरवरच्या भाऊंनी विचारलं, "नंबर काय?" मी म्हटलं, "मोठं द्या, बॅगचं आहे." त्यांनी 10 दिलं, बॅग होती 8 ची. चढलं अगदी लोण्यासारखं, मला वाटलं झालं काम, आणि ओढलं तर मागून परत उघडी! नवंकोरं रनर, पण रोग तोच, कारण 10 च्या पत्र्यांमधली जागाच जास्त असते. छोटं नंबर आणलं असतं तर चढलंच नसतं, निदान तिथेच कळलं असतं. मोठं नंबर फसवतं. म्हणून नंबर बघा, अंदाजाने आणू नका.

नंबरबरोबर जातही बघा, नायलॉनची गुंडाळी असलेली चेन, प्लास्टिकचे जाड वेगवेगळे दात असलेली, आणि धातूची. 5 नंबर तिन्हींत असतो पण एकीचं रनर दुसरीला चालत नाही. दुकानात नंबर आणि जात दोन्ही बोला, आणि एक नाही दोन आणा, महाग वस्तू नाहीये.

बाकी सामान घरातलंच. जुना टूथब्रश, बारीक टोकाची पक्कड (माझ्यासारखी मोठी नको, तिने किती दाबलं ते हाताला कळतच नाही), पातळ पेचकस, मेणबत्ती, सुई, नायलॉनचा दोरा. उजेड भरपूर पाहिजे. आणि बॅग रिकामी करा, भरलेल्या बॅगेवर कितीही चांगलं रनर असलं तरी चेनवर ताण येतो आणि कळतच नाही सुधारलं का नाही.

ब्रशने दात झाडून घ्या. रनर चेन जिथून सुरू होते त्या टोकाला न्या, जॅकेट असेल तर खाली एका पट्टीच्या टोकाला असलेल्या डबीपाशी, आणि दुसऱ्या पट्टीची खीळ तिच्यात पूर्ण बसली का ते बघा. मध्येच उघड्या दातांवर रनर असताना दाबू नका, आतली गुंडाळी चिरडते. दाबायची ती मागची बाजू, एका तोंडाची, पुढची नाही. डावी कड पक्कडीत धरा, हलकं दाबा, मग उजवी तेवढीच. एकच कड दाबली तर रनर तिरकं होतं आणि एका बाजूचे दात निसटतात. दाबलं की ओढून बघा, परत उघडली तर परत थोडं, दोन्हीकडे. डोळ्याला फरक दिसणारच नाही इतकं थोडं. बहुतेक रनर जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, ते वाकायच्या आधी तडकतं, आणि तडकलं की जोडता येत नाही, तेव्हा दुसरं हाताशी असलं पाहिजे, सांगितलं ना. जास्त दाबलं गेलं आणि रनर अडकलं तर मागच्या फटीत पेचकस घालून केसभर उघडा, तेही हळूच. आणि आतून खूप झिजलेलं रनर दाबून काही दिवसच चालतं, परत फाकलं तर सरळ बदला.

बॅगला दोन रनर असतील आणि घाई असेल तर बिघडलेलं त्याच्या टोकाला नेऊन ठेवा आणि चांगल्यानेच पूर्ण चेन बंद करा. मला त्या रात्री हे सुचलं असतं तर सुतळी लागली नसती.

बॅगचं रनर बदलायचं असेल तर चेनच्या सुरुवातीच्या टोकाची शिवण उसवा, जुनं काढा, नवं त्याच टोकाने चढवा, दोन्ही पट्ट्या पुढच्या दोन तोंडांत, सारख्या लांबीने. एक पट्टी पुढे गेली तर चेनला पोक येतं, काढून परत घाला. कडी बाहेरच्या बाजूला. टोकाला दोऱ्याचे पाच-सहा जाड टाके, नाहीतर रनर हातात येईल, मग उसवलेलं शिवून टाका. दातांवर मेण फिरवा. बॅग भरून पाच-दहा वेळा उघडबंद करून बघा, आणि दुसरं आणलेलं रनर बॅगच्या आतल्या छोट्या कप्प्यात टाकून ठेवा.