या चुका टाळा: शिष्यवृत्तीचा निकाल लागायचा असताना विद्यापीठाकडे मुदतवाढ मागणारे पत्र

परदेशी विद्यापीठाचे ऑफर लेटर हाती आलेले असते, ते स्वीकारण्याची मुदत मे महिन्यात संपत असते आणि ज्या शिष्यवृत्तीच्या भरवशावर अर्ज केला तिची निवड यादी अजून लागलेली नसते. सांगली, मिरज, तासगाव, कराड अशा ठिकाणचे विद्यार्थी या अडचणीत विद्यापीठाला जी पत्रे लिहितात, ती पाठवण्याआधी तपासण्याचे काम मी करतो. त्यांत इंग्रजीच्या चुका असतात, पण त्यांमुळे सहसा काही अडत नाही. कोणती तारीख, कुठपर्यंत आणि कशाच्या आधारावर पुढे न्यायची आहे, हे प्रवेश विभागातील अधिकाऱ्याला पत्रातून कळत नाही आणि तो ठरावीक मजकुराचे उत्तर पाठवून मोकळा होतो. पत्र फसते ते इथे.

एक उदाहरण घेऊन पाहू. विट्याच्या एका विद्यार्थिनीला ब्रिटनमधील विद्यापीठात जलव्यवस्थापनाच्या एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळाला आहे असे धरा. तिने राज्य शासनाच्या सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आहे आणि अर्जाची छाननी सुरू आहे. ऑफर स्वीकारण्याची मुदत १५ मे, त्याच दिवसापर्यंत २,००० पौंड डिपॉझिट भरायचे, व्हिसासाठी लागणारे ‘कॅस’ हे प्रवेशनिश्चितीचे पत्र विद्यापीठ १४ ऑगस्टपर्यंतच देणार आणि अभ्यासक्रम २१ सप्टेंबरला सुरू होणार.

तिच्या पहिल्या मसुद्यात एवढेच होते की, शिष्यवृत्तीचा निकाल येईपर्यंत कृपया मुदत वाढवून द्यावी. यात पहिली चूक अशी की, स्वीकृती, डिपॉझिट आणि कॅस या तीन वेगळ्या मुदती एकच समजल्या गेल्या आहेत. ऑफर स्वीकारणे म्हणजे बहुतेक ठिकाणी पोर्टलवर एक बटण दाबणे असते. त्याला पैसे लागत नाहीत आणि पुढे प्रवेश सोडावा लागला तर तसे कळवता येते. पैसे अडकतात ते डिपॉझिटमध्ये. म्हणून ऑफर लेटरमधील अटी शांतपणे वाचून आधी हे पाहावे की, स्वीकृती आणि डिपॉझिट या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत की डिपॉझिट भरल्याशिवाय स्वीकृतीच धरली जात नाही. स्वतंत्र असतील तर ऑफर मुदतीत स्वीकारावी आणि फक्त डिपॉझिटची मुदत वाढवून मागावी. जागा घेतलेल्या विद्यार्थ्याची ही विनंती मान्य करणे प्रवेश विभागाला सोपे जाते. दोन्ही एकत्र असतील तर दोन्हींचा स्पष्ट उल्लेख करून मुदतवाढ मागावी. काही विद्यापीठे अधिकृत प्रायोजक असलेल्या विद्यार्थ्यांना डिपॉझिट माफ करतात, पण त्यासाठी मंजुरीचे पत्र लागते, अर्जाची पोचपावती चालत नाही. म्हणून निकालाआधी माफी मागण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक सर्वांत महागात पडते, ती म्हणजे ‘निकाल लागेपर्यंत’ अशी उघडी मुदत मागणे. विद्यापीठाला जागा मोजायच्या असतात, प्रतीक्षा यादीतील विद्यार्थ्यांना कळवायचे असते, त्यामुळे तारीख नसलेली विनंती मान्य करणे अधिकाऱ्याच्या हातात नसते. निवड यादी अमुक दिवशी लागेल असे शिष्यवृत्तीने जाहीर केलेले नसेल, तर तारीख कुठून आणायची, असे विद्यार्थी विचारतात. ती शिष्यवृत्तीकडून येत नाही. ती अभ्यासक्रमाच्या आरंभापासून मागे मोजत काढायची असते.

आपल्या उदाहरणात हे गणित असे होते. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचा निर्णय, अर्ज देशाबाहेरून केलेला असल्यास, साधारणपणे तीन आठवड्यांत येतो. म्हणजे १० ऑगस्टला अर्ज गेला तर ऑगस्टअखेर निर्णय हाती येऊन तयारीला तीन आठवडे उरतात. अर्जाआधी कॅस हवे. डिपॉझिट पोहोचल्यावर ते तयार व्हायला दोन आठवडे धरावेत. बँकेतून ए-२ फॉर्म भरून पैसे पाठवणे आणि ते विद्यापीठाच्या खात्यावर जमा होणे याला आठवडा धरावा. याचा अर्थ २० जुलैनंतर पैसे पाठवून उपयोग नाही. त्यातच, शिष्यवृत्ती मिळाली नाही आणि घरच्या बचतीवर जायचे ठरले, तर व्हिसाच्या नियमानुसार ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. १० ऑगस्टला अर्ज करायचा तर ती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून खात्यात हवी. म्हणून तिने मागायची तारीख १० जुलै. ही तारीख हिशेबातून आलेली असल्याने अधिकाऱ्याने कारण विचारले तर सांगताही येते.

१५ मे ते १० जुलै म्हणजे आठ आठवडे, आणि एवढी मुदत एकदम देणे काही विद्यापीठांना जड वाटते. तशी शंका असल्यास १२ जूनपर्यंत चार आठवडे मागावेत आणि त्या दिवशी निकालाची स्थिती कळवून गरज पडल्यास पुन्हा विनंती करण्याची परवानगी मागावी. माझ्या मते मात्र अभ्यासक्रम लहान असेल आणि जागा मोजक्या असतील तरच असे तुकडे करावेत. एरवी खरी तारीख एकदाच सांगितलेली बरी.

तिसरी चूक नकळत होते. ‘माझा प्रवेश पुढे ढकलावा’ अशा अर्थाचे वाक्य पत्रात आले की, विद्यार्थी पुढच्या वर्षी येऊ इच्छितो असे समजले जाते आणि ऑफर पुढील सत्रावर नेली जाते. यात दुहेरी नुकसान आहे, कारण शिष्यवृत्तीचा अर्ज चालू वर्षाच्या प्रवेशावर उभा असतो. ऑफर लेटरवरील वर्ष बदलले तर निवड होऊनही कागदपत्रे जुळत नाहीत. ‘याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रवेश घेण्याचा माझा निर्णय कायम आहे’ हे वाक्य म्हणूनच पत्रात असायलाच हवे.

पुराव्याच्या बाबतीत आपल्याकडची एक खास अडचण आहे. राज्याच्या शिष्यवृत्तीची जाहिरात आणि शासन निर्णय मराठीत असतो, अर्जाची पोचपावतीही अनेकदा मराठीत असते. विद्यार्थी शासन निर्णय संपूर्ण जोडतात आणि तिकडे तो कोणालाही वाचता येत नाही. त्याऐवजी पोचपावती आणि जाहिरातीचे फक्त आवश्यक पान जोडावे व सोबत एका पानावर योजनेचे नाव, ती राबवणारा शासकीय विभाग, अर्ज क्रमांक, अर्जाचा दिनांक, शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्क भरले जाते ही बाब आणि सध्याची स्थिती यांचे इंग्रजी भाषांतर द्यावे. महाविद्यालयाच्या प्राचार्यांची किंवा विभागप्रमुखांची सही त्या भाषांतरावर घेता आली तर उत्तम.

घरची परिस्थिती, पावसाने गेलेले द्राक्षाचे पीक, आईवडिलांचे कष्ट हे सर्व खरे असते आणि ते लिहावेसे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु मुदतीचा निर्णय त्यावर होत नाही. ‘शिष्यवृत्तीशिवाय मला हे शुल्क भरता येणार नाही’ हे एक वाक्य पुरेसे आहे. त्याचबरोबर शिष्यवृत्ती जवळजवळ निश्चित आहे असे सुचवू नये. छाननी सुरू असेल तर छाननी सुरू आहे असेच लिहावे.

मसुदा आधी मराठीत पक्का करून मग इंग्रजीत उतरवावा, म्हणजे मुद्दे सुटत नाहीत. आपल्या विद्यार्थिनीचे पत्र शेवटी असे झाले:

“विषय: डिपॉझिट भरण्याची मुदत १० जुलैपर्यंत वाढवण्याबाबत (अर्जदार क्रमांक, अभ्यासक्रमाचे नाव, सप्टेंबर सत्र).

महोदय/महोदया, मला जलव्यवस्थापन एमएस्सीसाठी दिलेली ऑफर मी पोर्टलवर स्वीकारली असून याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रवेश घेण्याचा माझा निर्णय कायम आहे. डिपॉझिट भरण्याची मुदत १५ मे आहे. मी महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला असून त्याची छाननी सुरू आहे. निवड यादीची तारीख अद्याप जाहीर झालेली नाही. शिष्यवृत्तीशिवाय मला शुल्क भरता येणार नाही. म्हणून डिपॉझिटची मुदत १० जुलैपर्यंत वाढवून द्यावी, ही विनंती. कॅस आणि व्हिसासाठी लागणारा वेळ धरून ही तारीख ठरवली आहे. निकाल लवकर लागल्यास मी दोन दिवसांत कळवीन आणि तो न लागल्यासही १० जुलै रोजी माझा निर्णय कळवीन. या काळात माझी ऑफर वैध राहील, याची लेखी पुष्टी मिळावी. अर्जाची पोचपावती आणि तिचे इंग्रजी भाषांतर सोबत जोडले आहे.”

हे पत्र मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी जायला हवे, म्हणजे नकार आला तरी पैशांची सोय करायला वेळ राहतो. ज्या ई-मेल पत्त्यावरून अर्ज केला त्याच पत्त्यावरून पाठवावे. वडिलांच्या किंवा एजंटाच्या पत्त्यावरून आलेल्या पत्राला गोपनीयतेच्या कारणाने उत्तर न मिळण्याची शक्यता असते. पोर्टलवर मुदतवाढीचा स्वतंत्र फॉर्म असेल तर तो भरून हाच मजकूर तिथे द्यावा. ब्रिटनमध्ये मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार सुट्टीचा असतो, हेही धरावे. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणून तिथले सायंकाळचे पाच म्हणजे सांगलीत रात्रीचे साडेनऊ.

उत्तर आले नाही तर मुदत वाढली असे कधीही समजू नये. पाच कामकाजाच्या दिवसांनंतर त्याच ई-मेलच्या धाग्यात आठवण करावी आणि तरीही शांतता असेल तर तिथल्या कार्यालयीन वेळेत फोन करावा. फोनवर होकार मिळाला, तर ‘आजच्या बोलण्यानुसार माझी मुदत १० जुलै झाली आहे, कृपया पुष्टी करावी’ असे लगेच लिहून पाठवावे. पोर्टलवर जुनीच तारीख दिसत राहिली तर तिचा स्क्रीनशॉट जोडून विचारावे, कारण जुनी तारीख उलटताच संगणकीय प्रणाली ऑफर आपोआप रद्द करू शकते.

अमेरिकेतील विद्यापीठाला लिहिणारे विद्यार्थी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या तिथल्या विद्यापीठांच्या संघटनेच्या १५ एप्रिलच्या ठरावाचा, म्हणजे त्या तारखेआधी ऑफरवर उत्तर देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर नसावी या ठरावाचा, आधार अनेकदा घेतात. तो ठराव विद्यापीठ स्वतः देत असलेल्या फेलोशिप, असिस्टंटशिपसारख्या आर्थिक मदतीच्या ऑफरला लागू होतो आणि ज्या विद्यापीठांनी तो मान्य केला आहे त्यांच्यापुरताच. नुसत्या प्रवेशाच्या ऑफरला तो लागू नाही, आणि भारतातील शिष्यवृत्तीच्या निकालासाठी १५ एप्रिलनंतरची मुदत मागताना त्याचा काहीच उपयोग होत नाही. अशा पत्रात त्याचा उल्लेख न केलेला बरा.

नकार आलाच तर पुढचा प्रश्न परताव्याचा. व्हिसा नाकारला गेल्यास डिपॉझिट परत मिळण्याची तरतूद बऱ्याच विद्यापीठांत असते; शिष्यवृत्ती न मिळाल्यास ती असेलच असे नाही. म्हणून पैसे भरण्याआधी एकाच वाक्यात विचारावे की, शासनाच्या शिष्यवृत्तीसाठी निवड न झाल्याचा लेखी पुरावा दिल्यास डिपॉझिट परत मिळेल का आणि त्यासाठी शेवटची तारीख कोणती. लेखी ‘होय’ आले तर २,००० पौंडांची तात्पुरती सोय करून जागा राखणे परवडते. ‘नाही’ आले तर ती रक्कम गमावण्याची तयारी घरात आहे की नाही, हे १५ मेच्या आधी आईवडिलांसोबत बसून ठरवावे लागेल.