अल्टिमेट गेनने लूप ट्यून करताना: स्टीम हीटरचं एक उदाहरण आणि पद्धत कुठे कमी पडते

इन्स्ट्रुमेंटेशनला नवीन आलेल्या मुलांना कॉलेजातलं झीग्लर-निकोल्सचं टेबल पाठ असतं, पण प्रत्यक्ष लूपसमोर बसल्यावर नक्की काय करायचं आणि आलेल्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून एकच लूप घेऊन लिहितोय. पाणी गरम करणारा हीट एक्स्चेंजर, शेलमध्ये स्टीम, ट्यूबमधून पाणी, बाहेर पडणाऱ्या पाण्याचं टेंपरेचर बघून स्टीमचा कंट्रोल व्हॉल्व्ह हलतो. ट्रान्समीटरची रेंज ० ते १५० अंश, म्हणजे १ टक्का = दीड अंश.

ही पद्धत झीग्लर आणि निकोल्स या दोघांनी १९४२ मध्ये मांडली, तेव्हा दोघं अमेरिकेत टेलर इन्स्ट्रुमेंट्समध्ये होते. कल्पना सरळ आहे. इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह बंद करून फक्त प्रपोर्शनल ठेवायचं, गेन वाढवत न्यायचा, आणि ज्या गेनला लूप एकसारख्या उंचीच्या लाटा मारत राहतो तो अल्टिमेट गेन, एका लाटेला लागणारा वेळ तो अल्टिमेट पिरियड. बाकी सेटिंग या दोन आकड्यांवरून काढायचं.

सुरू करायच्या आधी शिफ्टच्या ऑपरेटरशी बोला, टेंपरेचर किती वर-खाली गेलेलं चालेल आणि हाय अलार्म आणि ट्रिप कुठे आहेत ते त्याच्याकडून घ्या, आणि तो मॅन्युअलला घेईल अशी त्याची तयारी ठेवा. लूप मॅन्युअलमध्ये शांत होऊ द्या. इंटिग्रल बंद करताना कंट्रोलर कोणत्या प्रकारचा आहे ते बघा, कारण सेटिंग इंटिग्रल टाइम असेल तर ते खूप मोठं करायचं आणि इंटिग्रल गेन असेल तर शून्य करायचं, उलटं केलंत तर काय होईल ते तुम्हाला लगेच ट्रेंडवर दिसेल. मग ऑटोला टाका. इंटिग्रल नसल्यामुळे टेंपरेचर सेटपॉइंटपासून थोडं लांब थांबेल, ते ठीक आहे, आपल्याला फक्त लाटा बघायच्यात.

आमच्या लूपचं चित्र साधारण असं होतं: व्हॉल्व्ह १ टक्का उघडला की टेंपरेचर शेवटी २ टक्के म्हणजे ३ अंश वाढायचं, डेड टाइम १० सेकंद, आणि टाइम कॉन्स्टंट मिनिटभर. गेन १ वर सेटपॉइंट २ अंशांनी हलवून परत आणला, काहीच विशेष नाही. २ वर हलकी लाट येऊन विरली. ४ वर बऱ्याच लाटा येऊन हळूहळू विरल्या. इथून पुढे छोट्या पायऱ्या घ्यायच्या आणि प्रत्येक वेळी पुरेसं थांबायचं, कारण या भागात लाट विरतेय की टिकतेय हे दोन लाटांमध्ये कळत नाही. ५ च्या आसपास लाटा एकसारख्या झाल्या, ५ लाटांना १९० सेकंद, म्हणजे पिरियड ३८ सेकंद. एकच लाट मोजू नका, पाच-सहा मोजून भागा. मोजून झालं की लगेच गेन खाली आणा, प्लांट हंट करत ठेवायचं काही कारण नाही. टेंपरेचरसाठी आम्ही पीआयच ठेवला होता, त्याचं टेबल:

```
Kp = 0.45 * Ku = 0.45 * 5 = 2.25
Ti = Pu / 1.2 = 38 / 1.2 = 32 s
```

टाकताना युनिट बघाच. काही कंट्रोलरला गेनऐवजी प्रपोर्शनल बँड लागतो, २.२५ गेन म्हणजे साधारण ४४ टक्के बँड. इंटिग्रल मिनिटात मागत असेल तर ०.५३. पॅरलल फॉर्म असेल तर इंटिग्रल गेन २.२५ भागिले ३२, म्हणजे ०.०७ प्रति सेकंद. टेबल बरोबर आणि लूप तरीही वेडावाकडा असं दिसलं तर मी आधी हेच तपासतो.

आता कुठे कमी पडते ते. पहिली गोष्ट, दिसणारी एकसारखी लाट खरी आहे का? समजा लोड कमी आहे आणि व्हॉल्व्ह फक्त १२ टक्के उघडा आहे. गेन ७ केलात, लाट वाढत गेली आणि व्हॉल्व्ह खाली शून्याला टेकायला लागला. टेकल्यावर तो अजून बंद होऊ शकत नाही, त्यामुळे लाट वाढायची थांबते आणि स्क्रीनवर एकदम छान एकसारखी दिसते. तुम्ही लिहून घेता, अल्टिमेट गेन ७. पिरियड जवळपास बरोबरच येतो म्हणून शंकाही येत नाही, पण गेन फुगलेला असतो आणि टेबलातून निघालेलं सेटिंगही. म्हणून टेंपरेचरच्या ट्रेंडसोबत कंट्रोलरच्या आउटपुटचा ट्रेंड लावाच. आउटपुटची लाट वर किंवा खाली सपाट कापलेली दिसली तर तो आकडा फेकून द्या. अजून एक खूण आहे, सेटपॉइंट आधी १ अंशाने आणि मग २ अंशाने हलवून बघा. खऱ्या सीमेवर लाटेची उंची धक्क्याप्रमाणे बदलते, धक्का कसाही दिला तरी लाट तेवढ्याच उंचीवर येऊन थांबत असेल तर कुठेतरी काहीतरी अडतंय, व्हॉल्व्हची लिमिट किंवा चिकटणारं स्टेम.

दुसरी गोष्ट त्या नियमातच आहे. त्या दोघांनी हिशोब असा धरला होता की लोडचा धक्का बसल्यावर पुढची लाट आधीच्या पाव उंचीची असावी, ४ अंशांनंतर १ अंश. त्यांना तेवढं पुरेसं होतं, पण आपल्याला बहुतेक वेळा ते फार जास्त हलतं, आणि सेटपॉइंट बदलला की टेंपरेचर चांगलंच वर जाऊन खाली येतं. आमच्या सेटिंगला स्थिरतेची मार्जिन जेमतेम १.९ पट उरते, म्हणजे प्रोसेसचा गेन दुप्पट झाला की लूप हंटिंगला लागला. आणि हीटरमध्ये तो खरंच दुप्पट होतो! पाण्याचा फ्लो अर्धा झाला की तेवढीच स्टीम अर्ध्या पाण्याला तापवते, शिवाय पाणी सावकाश वाहतं म्हणून डेड टाइमही वाढतो. सकाळी फुल फ्लोवर ट्यून केलेला लूप रात्री कमी फ्लोवर झोके घ्यायला लागतो आणि लोक व्हॉल्व्हला दोष देत बसतात.

यावर टायरस आणि लुयबेन यांनी १९९२ मध्ये दिलेले आकडे मला जास्त पटतात. टेस्ट तीच, आकडे तेच, पीआयसाठी फक्त गेन भागिले ३.२ आणि इंटिग्रल टाइम पिरियडच्या २.२ पट. आमच्या लूपला १.५६ आणि ८४ सेकंद येतात, मार्जिन ३ च्या वर जाते, लूप थोडा सावकाश सावरतो पण फ्लो अर्धा झाला तरी टिकतो.

पण तिसरी अडचण या आकड्यांनीही सुटत नाही. टेस्ट आपल्याला प्रोसेसचं एकच टोक दाखवते, तो कुठे हलायला लागतो तेवढंच. डेड टाइम मोठा आणि टाइम कॉन्स्टंट छोटा असेल, समजा ६० सेकंद आणि १०, तर झीग्लर-निकोल्सचं तेच टेबल उलट्या बाजूला चुकतं, इंटिग्रल इतकं हळू येतं की लूप सेटपॉइंटकडे रांगत जातो. तिथे मॅन्युअलमध्ये व्हॉल्व्हला छोटा स्टेप देऊन गेन, डेड टाइम, टाइम कॉन्स्टंट वेगळे मोजलेले बरे. आणि टाकीच्या लेव्हलसारखे लूप फक्त प्रपोर्शनलवर बऱ्याचदा एकसारखी लाट मारतच नाहीत, गेन वाढवत राहिलात तर शेवटी व्हॉल्व्ह दोन्ही टोकांना आपटायला लागतो, तिथे ही पद्धत काढूच नका.

हीटरकडे परत यायचं तर, ट्यून झाल्यावर लगेच निघू नका, कमी फ्लोची वेळ कधी येते ते ऑपरेटरला विचारून तेव्हाचा ट्रेंड बघा. फ्लो खूप खाली-वर होत असेल तर एकच सेटिंग रेटण्यापेक्षा फ्लोप्रमाणे गेन बदलणारं गेन शेड्युलिंग लावा, साधारणपणे फ्लो अर्धा तर गेन अर्धा, आणि डेड टाइम वाढल्यामुळे इंटिग्रल टाइमही थोडा जास्त.